‘खाते उघडा’ हे बटण नेमकं काय उघडतं?

बँकेच्या संकेतस्थळावर बचत खात्याचं पान उघडलं की वर हसऱ्या कुटुंबाचा फोटो असतो, मधे व्याजदर असतो आणि खाली ठळक रंगाचं एक बटण असतं. बहुतेक ठिकाणी त्यावर ‘खाते उघडा’ किंवा ‘आत्ताच खाते उघडा’ असं लिहिलेलं दिसतं. ॲप आणि संकेतस्थळांसाठी मराठी मजकूर लिहिण्याचं काम मी करते, त्यामुळे या दोन शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो. त्या बटणाबद्दल माझी तक्रार सरळ आहे. ते दाबल्यावर खातं उघडत नाही.

मग काय होतं, ते एका काल्पनिक मुलीच्या निमित्ताने पाहू. ती लातूरची आहे, पुण्यात नोकरीला लागली आहे आणि पहिला पगार जमा व्हायला तिला खातं हवं आहे. रात्री दहाच्या सुमारास ती मोबाइलवर ‘आत्ताच खाते उघडा’ दाबते. समोर मोबाइल क्रमांकाची चौकट येते. क्रमांक टाकला की ओटीपी येतो, तो भरला की पॅन क्रमांक मागितला जातो. इथवर सगळं सुरळीत. पुढे आधार क्रमांक टाकायचा असतो, आणि आता जो ओटीपी येतो तो बँकेकडून नव्हे, आधारच्या यंत्रणेकडून, आणि आधारला जो मोबाइल जोडलेला आहे त्याच्यावरच. तिचं आधार शाळेत असताना काढलेलं, त्याला वडिलांचा नंबर जोडलेला. वडील लातूरला झोपलेले. त्यांना उठवून ओटीपी विचारेपर्यंत त्याची मुदत संपते. दुसऱ्यांदा जमतं. मग व्यवसाय, उत्पन्न, वारसदाराचं नाव. आणि शेवटी पान सांगतं, आता व्हिडिओ कॉलवर ओळख पटवायची आहे, मूळ पॅन कार्ड हातात ठेवा. कार्ड लातूरच्या कपाटात आहे. ई-पॅन असेल तरी चालतं, पण ते तिला कुणी सांगितलेलं नाही. शिवाय व्हिडिओवर समोर येणारा माणूस बँकेचाच कर्मचारी असावा लागतो, आणि या बँकेत तो रात्री दहाला बसलेला नाही. ती फोन बाजूला ठेवते.

यात बँकेने नियम मोडला असं काहीच नाही. उलट हे सगळे टप्पे नियमांमुळेच आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली, तेव्हा सोबत बऱ्याच अटी घातल्या. कॉल थेट हवा, ग्राहक भारतातच आहे हे त्याच्या फोनच्या ठिकाणावरून तपासायला हवं, प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलता हवा. आणि एक अट अशी, जी बटण लिहिणाऱ्याने सर्वांत आधी वाचावी. व्हिडिओवरून उघडलेलं खातं समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे बँकेतल्या दुसऱ्या माणसाची तपासणी, झाल्यावरच वापरासाठी खुलं होतं. म्हणजे ग्राहकाने आपल्या बाजूचं सगळं केलं, व्हिडिओ कॉलसुद्धा नीट पार पडला, तरी त्या क्षणी खातं चालू झालेलं नसतं. ‘आत्ताच खाते उघडा’मधला ‘आत्ताच’ पहिल्या पानावर खरा नाही आणि शेवटच्या पानावरही नाही.

यावर बँकेतली माणसं मला एक उत्तर देतात आणि ते अगदीच चुकीचं नाही. लोक खातं उघडायलाच आलेले असतात, त्यांना आपण योग्य जागी आलो हे कळायला नको का? हवंच. म्हणून ते शब्द पानाच्या मथळ्यात असावेत. मथळा विषय सांगतो. बटण मात्र बोट टेकवल्यावर पुढच्या क्षणी काय होईल ते सांगतं, आणि ग्राहक त्याचा तसाच अर्थ घेतो. मथळ्याचं काम बटणावर टाकलं की तीच गोष्ट वचन होऊन बसते.

पहिल्या पानासाठी माझी पसंती ‘अर्ज सुरू करा’ला आहे. त्यात जोर कमी वाटतो, हे मान्य. पण अर्ज म्हटल्यावर मराठी माणसाला लगेच कळतं की माहिती भरावी लागेल, कागदपत्रं लागतील आणि तो कुणीतरी तपासेल. एवढं सगळं एका शब्दात दुसरीकडे मिळत नाही. बटणाच्या लगेच खाली, लहान पण वाचता येईल अशा अक्षरांत, एक ओळ हवी: ‘आधारला जोडलेला मोबाइल आणि पॅन कार्ड किंवा ई-पॅन जवळ ठेवा. व्हिडिओ कॉल सकाळी ९ ते सायंकाळी ६.’ वेळ अर्थात त्या त्या बँकेची. ही ओळ वाचून लातूरची मुलगी कदाचित त्या रात्री बटण दाबणारच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, वडिलांना आधी सांगून आणि ई-पॅन उतरवून घेऊन ती बसेल, आणि तेव्हा अर्ज पुरा होईल.

बटण आणि त्याच्या शेजारची ओळ मिळून काय करू शकतात, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेरेड स्पूल यांनी ते २००९ च्या आसपास लिहून ठेवलं. एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरण्याआधी ‘नोंदणी करा’ असं बटण यायचं. लोक वैतागायचे. काही जणांना आपण आधी नोंदणी केली होती की नाही हेच आठवत नसे. दुकानाने त्या जागी ‘पुढे’ असं बटण ठेवलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं काढायची गरज नाही, पुढच्या वेळी सोयीचं व्हावं म्हणून हवं तर काढा. स्पूल यांच्या सांगण्यानुसार खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली. ही गोष्ट सांगताना बरेच जण फक्त बटणावरचा शब्द सांगतात. माझ्या मते खरं काम खालच्या ओळीने केलं, कारण त्या दुकानाने नोंदणीची सक्तीच काढून टाकली होती आणि ओळीने ती बातमी दिली. बँकेला ओळख पटवण्याची सक्ती काढून टाकता येत नाही. तिच्या हातात आहे ते एवढंच, की सक्ती आधी सांगणं.

मधल्या टप्प्यांवर फारसं लिहिण्यासारखं नाही. तिथे ‘पुढे’ पुरतं. अर्ज अर्ध्यावर ठेवून परत येता येत असेल, तर ‘जतन करून पुढे’ म्हणावं आणि ते खरंच जतन व्हावं. पण त्या मधल्या बटणांत एक बटण वेगळं आहे, आधारच्या ओटीपीचं.

चाचणीला बोलावलेल्या एक मावशी मला आठवतात. नवीन पान लोकांना वापरायला देऊन शेजारी गप्प बसायचं, अशी ती चाचणी. मावशींनी बाकीची पानं भराभर पार केली आणि ओटीपीच्या पानावर त्यांचं बोट बटणाच्या वर हवेतच थांबलं. “हे दाबलं तर पैसे जातील का गं?” त्यांनी विचारलं. बटणावर लिहिलं होतं ‘पुढे जा’. ओटीपी म्हणजे पैसे जाणं, हे गेल्या काही वर्षांत फसवणुकीच्या बातम्यांनी घराघरांत रुजवलं आहे, आणि त्यांची भीती शहाणपणाचीच होती. ओटीपी कशासाठी आहे हे त्या बटणाने सांगायला हवं होतं. ‘आधारने ओळख पडताळा’ एवढं लिहिलं तरी शंका फिटते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे बटण संमतीचं आहे. आधारवरून माहिती घेण्यासाठी ग्राहकाची स्पष्ट संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये बँक खात्यासाठी आधारची सक्ती रद्द केली आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीने ते ग्राहकाच्या इच्छेवर सोपवलं. इच्छेचा प्रश्न असेल तर दुसरा रस्ताही त्याच पानावर दिसायला हवा: ‘दुसऱ्या कागदपत्राने ओळख द्या’. पुष्कळदा तो पानाच्या तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत असतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगावी लागते. व्हिडिओ कॉल न करता, शाखेत न जाता, नुसत्या आधार-ओटीपीवर उघडलेलं खातं हे पूर्ण खातं नसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा खात्यांत मिळून एका वेळी १ लाख रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात एकूण २ लाखांहून अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि वर्षभरात पूर्ण ओळख पटवली नाही तर ते पुढे चालू ठेवता येत नाही. महिना २५ हजार पगाराचा माणूस आठव्या महिन्यात बरोबर २ लाखांवर येतो आणि नवव्या पगाराला जागा उरत नाही. तेव्हा तो शाखेत येऊन भांडतो आणि काउंटरवरच्या बाईंना ऐकून घ्यावं लागतं. म्हणून जी बँक या रस्त्याने खातं देते, तिने ‘५ मिनिटांत खाते’ असं बटण लावलं तर त्याच्याखाली ‘१ वर्षासाठी, शिल्लक मर्यादा १ लाख रुपये’ हे तेवढ्याच ठळकपणे लिहावं. मर्यादा नियम-अटींच्या दुव्यामागे ठेवल्या तर त्या कुणीही वाचत नाही. मीही वाचत नाही.

दाबायच्या बटणाच्या बाजूला बहुतेक वेळा न दाबण्याचं बटण असतं. पगाराचं खातं उघडताना मधेच विमा येतो, क्रेडिट कार्ड येतं. ‘हो, मला संरक्षण हवं’ हे हिरव्या रंगात, आणि नकाराच्या जागी ‘नको, माझ्या कुटुंबाची मला काळजी नाही’ अशा धर्तीचं वाक्य. नकार देणाऱ्याला शरमिंदं करण्याची ही युक्ती आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यांत १३ प्रकार दिलेले आहेत आणि हा त्यांतला एक. खोटी घाई लावणं हा दुसरा. बचत खात्याच्या पानावर ‘फक्त आजच!’ हे शब्द मला म्हणूनच खटकतात, कारण तेच खातं तसंच उद्याही मिळणार असतं. नकाराचं बटण लिहायला सोपं आहे. त्यावर ‘नको’ किंवा ‘विम्याशिवाय पुढे’ लिहावं आणि आकार होकाराइतकाच ठेवावा.

आता शेवटचं बटण. इथे शब्द किती गंभीरपणे घेतले जाऊ शकतात, याचा एक खटला युरोपात झाला. तिथल्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार, ज्या बटणाने ग्राहकावर पैसे देण्याची जबाबदारी येते त्यावर तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर ग्राहक त्या कराराने बांधला जात नाही. एका माणसाने २०१८ मध्ये बुकिंग डॉट कॉमवरून जर्मनीतल्या एका हॉटेलात चार खोल्या घेतल्या आणि तो गेलाच नाही. हॉटेलने २,२४० युरो मागितले. शेवटच्या बटणावर जर्मनमध्ये ‘बुकिंग पूर्ण करा’ अशा अर्थाचे शब्द होते. युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं की पैसे देण्याची जबाबदारी कळते की नाही हे फक्त बटणावरच्या शब्दांवरून ठरवायचं, पानावर इतरत्र काय लिहिलं आहे ते धरायचं नाही. त्या शब्दांचा जर्मन भाषेत नेमका काय बोध होतो, हे पाहण्याचं काम तिथल्या न्यायालयाकडे सोपवलं. हा निर्देश वित्तीय सेवांना लागू नव्हता आणि आपल्याकडे तर तो नाहीच. तरी न्यायालयाची दृष्टी मला पटते. माणूस दाबताना बटण वाचतो.

बचत खात्याच्या शेवटच्या पानावर ग्राहक एकाच वेळी बरंच काही करत असतो. माहिती खरी असल्याचं सांगतो, कराविषयीचं निवेदन देतो, बँकेचे नियम स्वीकारतो आणि अर्ज पाठवतो. ‘सबमिट’ या शब्दातून यातलं काही कळत नाही. ब्रिटिश सरकारच्या ऑनलाइन सेवांसाठी मजकुराचे ठरलेले नमुने आहेत. त्यांत सेवेच्या सुरुवातीला ‘आता सुरू करा’, मधे ‘पुढे’, आणि जिथे निवेदन आहे पण पैसे भरायचे नाहीत तिथे ‘मान्य करा आणि पाठवा’ अशा अर्थाचे शब्द सुचवले आहेत. आपल्याकडे तेच ‘मान्य आहे, अर्ज पाठवा’ असं लिहिता येतं. सुरुवातीची रक्कम भरायची असेल तर ते बटण वेगळं ठेवून त्यावर आकडा लिहावा: ‘५,००० रुपये भरा’. जाहिरातीचे फोन आणि संदेश यांची परवानगी मात्र या बटणात गुंडाळू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी असं म्हटलं आहे. आधीच खूण केलेली चौकट ही ग्राहकाची कृती होत नाही.

मराठी लिहिताना एक गडबड वारंवार दिसते, ‘माझे खाते उघडा’. ‘माझे’ म्हणणारा ग्राहक आणि ‘उघडा’ म्हणणारी बँक, दोघं एकाच बटणात बोलतात. बँक बोलते आहे हे एकदा ठरवलं की सगळ्या बटणांवर ‘करा, भरा, पाठवा’ एवढंच राहतं आणि वाचणाऱ्याला अडखळायला होत नाही. बटणाचा आकारही देवनागरीला धरून ठेवावा लागतो. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या बटणात ‘सुरू’मधल्या ‘सु’चा उकार खालून कापला जातो, आणि अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटून शब्द विखुरतो. दृष्टिहीन ग्राहक टॉकबॅकसारख्या वाचकावर एकेक बटण स्वतंत्र ऐकतात. त्यांना ‘येथे क्लिक करा, बटण’ ऐकून काहीच कळत नाही. ‘अर्ज सुरू करा, बटण’ हे कळतं.

एवढं सगळं मांडल्यावर बँकेचा माणूस विचारतो, पण आकडे काय म्हणतात? रास्त प्रश्न आहे. दोन मजकूर घेऊन निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरा दाखवायचा, ही रीत आता रूढ आहे. आकडे माझे, निव्वळ समजण्यासाठी. समजा दोन्ही बाजूंना १०,००० माणसं आली. ‘आत्ताच खाते उघडा’ हे १,२०० जणांनी दाबलं, ‘अर्ज सुरू करा’ १,००० जणांनी. इथेच थांबलं तर जुनं बटण जिंकलं. पण व्हिडिओ कॉलपर्यंत पोचून खातं सुरू झालेले पहिल्या बाजूला १८० आणि दुसऱ्या बाजूला २१० निघाले. बँकेला दाबणारी बोटं नकोत, खाती हवीत, म्हणून मोजायचं ते हे.

तरीही मी इथे नव्या बटणाचा जयजयकार करणार नाही. दोन्ही बाजूंना शब्द अगदी सारखे ठेवले असते तरी एवढ्या संख्येत निव्वळ योगायोगाने २० खात्यांचा फरक सहज पडतो, आणि ३० हा त्याच्या दीडपटच आहे. फरक योगायोगाच्या निदान दुप्पट, म्हणजे ४० च्या पुढे गेला तर विश्वास ठेवायला आधार मिळतो. हाच कल टिकवून प्रत्येक बाजूला ४०,००० माणसं झाली, तर ७२० विरुद्ध ८४० असा फरक दिसेल. तिथे योगायोगाचं माप ४० च्या आसपास येतं आणि फरक त्याच्या तिप्पट होतो. किती माणसं मोजायची ते आधी ठरवावं. रोज सकाळी आकडे बघून ज्या दिवशी आपलं बटण पुढे दिसेल त्या दिवशी चाचणी थांबवली, तर नसलेला फरकही सापडतो. मोजणी पूर्ण आठवड्यांची घ्यावी आणि तिच्यात पगाराचे दिवस यावेत, कारण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येणारा ग्राहक आणि वीस तारखेनंतर येणारा ग्राहक वेगळे वागतात.

आणि एक आकडा सहसा कुणी लावत नाही, तो मी मागून घेते. खातं उघडल्यानंतर पहिल्या ९० दिवसांत ‘मला हे सांगितलं नव्हतं’ अशा तक्रारी कोणत्या बटणावरून आलेल्या ग्राहकांच्या जास्त होत्या? त्यासाठी तक्रारींच्या नोंदीत ग्राहकाने कोणतं पान पाहिलं होतं याचा शेरा असावा लागतो. तो शेरा चाचणी सुरू होण्याआधीच लिहिण्याची सोय करून घ्यावी लागते, नंतर जुन्या तक्रारींवर तो चढवता येत नाही.